नॉमिनी म्हणजे मालक नव्हे: बँकेतल्या आणि विम्याच्या पैशावर कोणाचा हक्क किती?



मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीत कर्जफेडीचा विषय संपला आणि सतरंज्या गुंडाळायला सुरुवात झाली, तेव्हा मागं बसलेल्या एका ताईनं हळूच विचारलं, "काहून वो मॅडम, माह्या नवऱ्याच्या पासबुकावर सासूचं नाव हाय नॉमिनी म्हणून. तर मंग सारा पैसा तिचाच होते का?" तिचा नवरा वारून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. बैठकीतल्या बायकांनी लगेच आपापली उत्तरं दिली. अर्ध्या म्हणाल्या, हाव, ज्याचं नाव त्याचा पैसा. अर्ध्या म्हणाल्या, बायकोच्या पुढं सासूला कोण विचारते. दोन्ही बाजू चुकल्या होत्या. खरं सांगते, मलाही त्या दिवशी पूर्ण उत्तर देता आलं नाही. नंतर वकील मॅडमना आणि बँकेत विचारून, वाचून जे समजलं ते या अंकात लिहिते आहे. ताईची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत आणि हिशेब कळावा म्हणून आकडे सोपे केले आहेत.

ताईचा नवरा धान पिकवायचा. लग्नाच्या आधी, एकटा असताना त्यानं बँकेत खातं काढलं आणि फॉर्मवर आईचं नाव टाकलं. त्याच सुमारास आयुर्विम्याची एक पॉलिसी घेतली, तिथंही आईच. पुढं लग्न झालं, एक मुलगा आणि एक मुलगी झाली. पण नाव बदलायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. मग गावात एकदा बँकेचं शिबिर झालं तेव्हा ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा काढला, त्या फॉर्मवर मात्र बायकोचं नाव लिहिलं. आजारपणात तो गेला तेव्हा खात्यात धानाच्या चुकाऱ्याचे आणि थोड्या बचतीचे मिळून १ लाख ६० हजार रुपये होते. जुन्या पॉलिसीचे १ लाख येणार होते आणि जीवन ज्योतीचे २ लाख. म्हणजे एकाच माणसाच्या मागं तीन ठिकाणचे पैसे, आणि तिन्ही ठिकाणचा नियम सारखा नाही. घोळ इथंच होतो.

पहिल्यांदा बँकेचं खातं बघू. खातेदार गेल्यावर बँकेनं पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढ्याच प्रश्नाचं उत्तर नॉमिनीचं नाव देतं. बँकेला घरातली भांडणं सोडवत बसावी लागू नयेत म्हणून ही सोय आहे. बँकिंग कायद्यात लिहिलं आहे की नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी. नॉमिनी त्या पैशाची मालकीण होते असा त्याचा अर्थ नाही. मालक वारसच राहतात, आणि नॉमिनीनं ते पैसे त्यांच्या वतीनं सांभाळायचे असतात. मी बैठकीत असं सांगते: गटाच्या मीटिंगला न आलेल्या शेजारणीची बचत तुम्ही तिच्याकडून घेऊन आलात, तर पैसे तुमच्या हातात असतात, पण पुस्तकात नोंद तिच्याच नावावर होते ना? तसंच हे. सुप्रीम कोर्टानं २०१० साली बँकेच्या एका खात्याबद्दलच्या खटल्यात हेच स्पष्ट सांगितलं की नॉमिनीला पैसे घेण्याचा हक्क आहे, मालकी नाही.

आपल्या घरोघरी भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयचं उदाहरण तर यात सगळ्यात मोठं आहे. कालनिर्णय सुरू करणारे जयंतराव साळगावकर २०१३ साली वारले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, आणि काही गुंतवणुकींवर घरातल्या काही जणांची नावं नॉमिनी म्हणून लावली होती. ते गेल्यावर प्रश्न उभा राहिला की ज्यांचं नाव लावलं आहे, म्युच्युअल फंडाचे पैसे त्यांचेच, की सगळ्या वारसांचे. नॉमिनींचं म्हणणं होतं की कंपनी कायद्याप्रमाणे ते आमचेच. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, तिथून सुप्रीम कोर्टात, आणि १४ डिसेंबर २०२३ ला निकाल लागला: नॉमिनीचं नाव लावल्यानं मालकी बदलत नाही, वाटणी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानंच होणार. एवढ्या शिकलेल्या, दिवस-वार-मुहूर्त सगळ्या महाराष्ट्राला सांगणाऱ्या घरालाही हे ठरायला दहा वर्षं लागली. मग आपल्या ग्रामसंघात अर्ध्या बायका चुकल्या तर नवल नाही.

आता त्या ताईचा हिशेब. हिंदू वारसा कायद्यात पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची बायको, आई, मुलगे आणि मुली हे पहिल्या फळीतले वारस असतात आणि प्रत्येकाला सारखा वाटा मिळतो. (बौद्ध, जैन आणि शीख घरांनाही हाच कायदा लागतो.) वडील या फळीत येत नाहीत, भाऊ तर नाहीच नाही. ताईच्या घरी वारस चार: ती स्वतः, सासू, मुलगा आणि मुलगी. १ लाख ६० हजाराचे चार वाटे केले की प्रत्येकाला ४० हजार. म्हणजे नॉमिनी म्हणून सासूबाई बँकेतून सगळे १ लाख ६० हजार उचलू शकतात, त्यात काही गैर नाही. पण त्यातले स्वतःचे म्हणून ४० हजारच. उरलेले १ लाख २० हजार सून आणि दोन लेकरांचे आहेत. नॉमिनी आहे म्हणून सासूचा वाटा वाढत नाही, आणि नॉमिनी नाही म्हणून सुनेचा कमी होत नाही.

सासूबाईंच्या मनात वेगळीच भीती होती. "पोरगी तरणी हाय जी, उद्या दुसरं घर करंल, मंग पैसा घेऊन जाईल," असं त्या म्हणाल्या. ही भीती मी बऱ्याच घरांत ऐकते, म्हणून इथं लिहिते. नवरा वारला त्या दिवशीच विधवेचा वाटा तिचा होतो. पुढं तिनं दुसरं लग्न केलं तरी तो परत मागता येत नाही. लेकरांचे वाटे तर लेकरांचेच, आई कुठंही राहिली तरी.

आता बँकेत प्रत्यक्ष काय होतं ते. नॉमिनीनं क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि स्वतःच्या ओळखीचा व पत्त्याचा कागद दिला की बँकेनं १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नॉमिनीचं नाव नोंदलेलं असेल तर कोर्टाचा वारस दाखला आणा, हमीपत्र आणा, जामीनदार आणा असं बँकेनं सांगायचं नाही. कोणी सांगितलंच तर "हे मला लेखी द्या" म्हणायचं. बहुतेक वेळा लेखी मिळत नाही आणि काम होतं.

पण याची दुसरी बाजू कडू आहे. सून बँकेत जाऊन म्हणाली की यात माझा आणि लेकरांचा वाटा आहे, नॉमिनीला देऊ नका, तर बँक थांबायला बांधलेली नाही. बँक फक्त कोर्टाच्या आदेशानं थांबते. त्यामुळं काउंटरवरच्या साहेबाशी भांडून काही होत नाही, तो कायद्याप्रमाणेच वागतो आहे. वाटा मागायचा तो नॉमिनीकडं, आणि नाहीच दिला तर दिवाणी कोर्टात. पैसे निघून खर्च होतील अशी शंका असेल तर आधीच वकिलामार्फत कोर्टाचा मनाई आदेश मागावा लागतो, आणि तिथं दिवस महत्त्वाचे असतात. वकिलाच्या फीची चिंता असेल तर लक्षात ठेवा, बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आणि गोंदियाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. फोनवर १५१०० लावला तरी चालतं. तलाठ्याकडची वारस नोंद ही शेताच्या सातबाऱ्यासाठी असते. बँकेच्या पैशाच्या वाटणीसाठी ती दाखवून भागत नाही, हेही त्या ताईला चक्कर मारल्यावर कळलं.

आणखी एक चूक मी वारंवार पाहते. माणूस गेला की घरातलं कोणीतरी त्याचं एटीएम कार्ड घेऊन जातं आणि तेराव्याच्या खर्चाला म्हणून पैसे काढून आणतं. पिन माहीत असते, हेतूही वाईट नसतो. पण खातेदार गेल्यावर त्याचं कार्ड कोणीच वापरायचं नसतं, नॉमिनीनंसुद्धा नाही. नंतर पासबुकात मृत्यूच्या तारखेनंतरची उचल दिसते, आणि दुसऱ्या वारसानं तक्रार केली की ज्यानं काढले त्याला उत्तर द्यावं लागतं. तसंच खातेदार जिवंत असेपर्यंत नॉमिनीला काहीच हक्क नाही. खात्यात किती आहेत हे विचारायचाही नाही.

खातं दोघांच्या नावावर असेल तर गोष्ट निराळी. नवरा-बायकोचं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" असं खातं असेल तर एक गेल्यावर बँक दुसऱ्याला पैसे देते. तिथं नॉमिनीची पाळी दोघंही गेल्यावरच येते. इथंही बँक कोणाला देते हा एक प्रश्न आणि वारसांचे वाटे किती हा दुसरा, हे विसरू नका.

आता विम्याकडं येऊ, कारण ताईला खरा धक्का इथं बसला. आयुर्विम्याचाही जुना नियम बँकेसारखाच होता. सुप्रीम कोर्टानं १९८३ मध्ये सांगितलं होतं की विम्याचा नॉमिनी हा फक्त पैसे घेणारा हात आहे, पैसा वारसांचा. पण २०१५ च्या दुरुस्तीनं विमा कायद्याचं कलम ३९ बदललं. आता पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आई-वडील, नवरा किंवा बायको, किंवा मुलं यांच्यापैकी कोणाचं नाव असेल, तर ते पैसे त्या नॉमिनीच्या हक्काचे मानले जातात. तो नुसता सांभाळणारा राहत नाही. नॉमिनी भाऊ, भासरे, पुतण्या, जावई असा दुसरा कोणी असेल तर मात्र जुनाच नियम: घेणार तो, मालक वारस.

म्हणजे त्या जुन्या पॉलिसीचे १ लाख, ज्यावर लग्नाआधी आईचं नाव लागलं होतं, ते सासूबाई कायद्याच्या आधारानं स्वतःचे म्हणून ठेवू शकत होत्या. या कलमाचा अर्थ लावताना हायकोर्टांचे निकाल एकसारखे नाहीत, त्यामुळं वारसांनी दाद मागूच नये असं नाही. पण लाख रुपयांसाठी हायकोर्टापर्यंत कोण जाणार? माझ्या मते या सगळ्या लेखातली सगळ्यात महाग चूक हीच आहे: लग्नानंतर विम्यावरचं नाव न बदलणं. बँकेच्या खात्यावर जुनं नाव राहिलं तर वाटा मागता येतो. विम्यावर जुनं नाव राहिलं तर मागायलाही आधार कमी उरतो. पॉलिसी चालू असेपर्यंत नाव कितीही वेळा बदलता येतं, विमा कंपनीच्या कार्यालयात एक फॉर्म भरून द्यावा लागतो आणि बदल नोंदल्याची पोच घ्यावी लागते. पूर्वीचा नॉमिनी हरकत घेऊ शकत नाही.

जीवन ज्योतीचे २ लाख ताईच्या नावानं होते ते तिला मिळाले. खातं ज्या बँकेत, तिथंच क्लेम द्यायचा असतो, आणि शक्यतो ३० दिवसांच्या आत. हा विमा १ जून ते ३१ मे असा चालतो. नवऱ्याच्या पासबुकात त्या वर्षीचे ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का, हे आम्ही आधी पाहिलं. ती नोंद नसती, म्हणजे खात्यात शिल्लक नव्हती म्हणून हप्ता गेला नसता, तर काहीच मिळालं नसतं. २० रुपयांचा सुरक्षा विमाही होता, पण तो अपघाताचाच. आजारपणातल्या मृत्यूला तो लागत नाही.

शेवटी घरात बसूनच निभावलं. सासूबाई सुरुवातीला म्हणाल्या, तिचे २ लाख मी मागत नाही, तिनं माझे मागू नये. त्यांचंही म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हाताऱ्या बाईला मुलाशिवाय कोणाचा आधार होता? पण बँकेच्या १ लाख ६० हजाराचा हिशेब कागदावर मांडून दाखवला तेव्हा नातवांचे ४०-४० हजार त्यांनी स्वतःहून बाजूला काढले. ते लेकरांच्या नावानं मुदत ठेवीत टाकले, पालक म्हणून आईचं नाव. ताईचे ४० हजार तिच्या खात्यात आले. पॉलिसीचे १ लाख सासूबाईंनी ठेवले. पैसे देणं-घेणं रोखीनं केलं नाही, खात्यातून खात्यात केलं, आणि कोणाला कशाचे किती दिले याचा कागद करून दोघींनी सह्या केल्या. मी साक्षीदार म्हणून सही केली.

हे झालं नवऱ्याच्या पैशाचं. पण गटात येऊन आता तुमच्या स्वतःच्या नावावरही खाती आहेत, बचत आहे. तुमच्यानंतर ते कोणाचं, हा नियम पुरुषांपेक्षा वेगळा आहे आणि बहुतेक बायकांना तो माहीतच नाही. बाई मृत्युपत्र न करता वारली तर पहिले वारस तिचा नवरा आणि मुलं-मुली. नवरा नाही आणि मूलबाळही नाही, तर तिच्या कमाईचा पैसा नवऱ्याच्या वारसांकडं जातो. तिच्या आई-वडिलांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. फक्त आई-वडिलांकडून वारशानं आलेलं असेल ते माहेरी, वडिलांच्या वारसांकडं परत जातं. आमच्या एका गटात एक निपुत्रिक विधवा काकू आहेत, त्या बहिणीकडं राहतात आणि बहिणीलाच नॉमिनी केलं आहे. त्यांना वाटायचं काम झालं. पण उद्या बहीण बँकेतून पैसे घेईल आणि दीर-पुतणे तिच्याकडून कायद्यानं मागू शकतील.

यावर उपाय नॉमिनेशनमध्ये नाही, मृत्युपत्रात आहे. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. स्वतःची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आणि मग स्वतः सही केली. साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळणार नाही. मृत्युपत्र असेल तर वाटणी त्याप्रमाणे होते. काकूंनी ते केलं, आणि बहिणीला नॉमिनीही ठेवलं, म्हणजे घेणारी आणि मालकीण एकच.

सालेकसा, देवरीकडच्या आदिवासी ताईंसाठी थोडं वेगळं आहे. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा सरसकट लागू होत नाही, तिथं रूढी पाहतात. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १७ जुलै २०२५ ला मुलीच्या वारसांना बरोबरीचा वाटा दिला. बायकांना वगळणारी रूढी आहे हे सिद्ध झालेलं नसताना त्यांना वाटा नाकारता येत नाही, असं कोर्टानं म्हटलं. मुस्लिम घरांचे वाटेही वेगळे असतात. तेव्हा वरचे चार सारखे वाटे सगळ्यांना जसेच्या तसे लावू नका, विधी सेवेत विचारून घ्या. नॉमिनी बँकेच्या पैशाचा मालक नव्हे, हे मात्र सगळ्यांना सारखंच.

नाव लावताना किंवा बदलताना थोडं लक्ष द्या. अंगठा लावणाऱ्या ताईच्या फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात, सही करणारीला लागत नाहीत. नॉमिनी १८ वर्षांखालचा असेल तर तोपर्यंत त्याच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लिहावं लागतं, आणि ते नाव विचार करून लिहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाला किती टक्के ते लिहून, बेरीज १०० झाली पाहिजे. दोन लेकरं आणि सासू असं घर असेल तर हे सोयीचं आहे. फॉर्मची पोच मागा आणि पासबुकावर नॉमिनेशन नोंदल्याचं छापून घ्या. नॉमिनीचं नावही छापून मागता येतं. गटाच्या खात्याला मात्र नॉमिनी नसतो, ते खातं कोणा एकीचं नाहीच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी माझं कॉलेजात काढलेलं खातं पाहिलं. नॉमिनीच्या रकान्यात काहीच नव्हतं. पुढच्या सोमवारी जाऊन आईचं नाव लावलं. पुढच्या महिन्यात बैठकीला येताना तुमचं आणि घरधन्याचं पासबुक, विम्याचा कागद असेल तर तोही, पिशवीत टाकून आणा. बँक सखी असणारच आहे, रकाना उघडून एकेकीचा बघू.